थायरॉइड कॅन्सरनंतरचा फॉलो-अप: अँटी-टीजी असेल तर तपासणी कशी करायची, कोणती कागदपत्रं लागतात

ही माहिती कोणासाठी? पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर कॅन्सरमुळे ज्यांची संपूर्ण थायरॉइड काढली आहे आणि ज्यांच्या रक्तात थायरोग्लोब्युलिनविरोधी अँटिबॉडी, म्हणजे अँटी-टीजी, सापडली आहे त्यांच्यासाठी. या कॅन्सरच्या दर चार-पाच रुग्णांमागे एकाला ही अँटिबॉडी असते. मेड्युलरी कॅन्सरला किंवा अर्धीच ग्रंथी काढली असल्यास हे लागू नाही.

थायरोग्लोब्युलिन (टीजी) फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात, त्यामुळे ग्रंथी गेल्यावर ते जवळपास शून्य यायला हवं. अडचण अशी की अँटिबॉडी टीजीला चिकटून बसते आणि नेहमीच्या तपासणीला ते सापडतच नाही. रक्तात टीजी असूनही रिपोर्टवर ‘०.२ पेक्षा कमी’ छापून येतं. तेव्हा या आकड्याने निश्चिंत होऊ नका.

अशा वेळी डॉक्टर अँटिबॉडीचाच चढउतार पाहतात. टीजी बनवणाऱ्या पेशी उरल्या नाहीत की अँटिबॉडीही हळूहळू ओसरते. पूर्ण जायला तीनेक वर्षं लागू शकतात, आणि रेडिओआयोडीननंतर पहिले काही महिने ती तात्पुरती वाढूही शकते. पहिल्या वर्षात निम्म्याहून खाली आली तर लक्षण चांगलं.

कल्पित उदाहरण घेऊ. कोथरूडच्या एका बाईंची अँटी-टीजी ऑपरेशननंतर ४१०, वर्षाने १९०, दोन वर्षांनी ९५. पुढच्या वेळी घराजवळच्या कलेक्शन सेंटरला रक्त दिलं आणि आली ३१०. घरात रडारड. पण ती लॅब दुसऱ्या कंपनीचं मशीन वापरत होती, आणि दोन पद्धतींचे आकडे कितीतरी पटींनी वेगळे येऊ शकतात. जुन्या लॅबमध्ये पुन्हा केली, तेव्हा ८२. म्हणून पुण्यात घर बदललं तरी लॅब बदलू नका. बदलावीच लागली तर एकाच वेळी दोन्हीकडे तपासून नवा पाया ठरवून घ्या.

ओपीडीला जाताना डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा अंतिम रिपोर्ट, रेडिओआयोडीनचा डोस व तारीख आणि टीजी, अँटी-टीजी, टीएसएचचे सर्व जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या. प्रत्येकावर लॅबचं नाव आणि पद्धत दिसते का ते बघा. चिठ्ठीवर टीजी आणि अँटी-टीजी दोन्ही एकाच नमुन्यातून करायचं लिहिलेलं हवं. काउंटरवर अनेकदा चुकून अँटी-टीपीओ लावली जाते. ती वेगळी अँटिबॉडी आहे आणि इथे तिचा उपयोग नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तसं सांगा. काही मशीनवर बायोटिनमुळे टीजी खोटं कमी आणि अँटी-टीजी खोटी जास्त येते. डोस मोठा असेल तर किती दिवस आधी बंद करायचा ते डॉक्टरांना विचारा.

त्याच पद्धतीने आकडा सलग दोनदा वाढला, समजा ८२ वरून १३० आणि मग १९०, तर पुढच्या नेहमीच्या तारखेची वाट पाहू नका. आधी मानेची सोनोग्राफी होते. तिच्यात काही सापडलं नाही आणि आकडा चढतच राहिला, तर डॉक्टर आयोडीन स्कॅन किंवा पेट-सीटीचा विचार करतात.