सोन्याच्या वायद्यातले स्पूफिंग : कोर्टात काय सिद्ध झाले आणि काय नाही

सोन्याचा भाव कोणीतरी मुद्दाम दाबून ठेवतो, ही तक्रार जुनी आहे. 'बड्या बँका आणि सरकारे मिळून सोने वर जाऊ देत नाहीत' असे मानणारा एक वर्ग अमेरिकेत १९९०च्या दशकापासून आहे. आपल्याकडेही रात्री एमसीएक्स या वायदेबाजारातला भाव एकदम घसरला की 'वरून खेळ केला' अशी प्रतिक्रिया येतेच. न्यायालयात सिद्ध झालेली गोष्ट, म्हणजे रद्द करण्याच्याच हेतूने फसव्या ऑर्डरी टाकण्याचे स्पूफिंग, मात्र याहून बरीच लहान मापाची आहे. ती नीट समजून घेतली तर आपले नुकसान नेमके कुठे होऊ शकते हेही कळते.

न्यूयॉर्कच्या कॉमेक्स बाजारात सोन्याचा मुख्य वायदा १०० ट्रॉय औंसांचा असतो. भाव औंसाला किमान १० सेंटने, म्हणजे एका टिकने हलतो, त्यामुळे एका वायद्याच्या लॉटमागे १० डॉलरचा फरक पडतो. समजा भाव १,२५०.०० ला खरेदीदार आणि १,२५०.१० ला विक्रेता असा आहे. एका बँकेच्या ट्रेडरला २० लॉट विकायचे आहेत, पण १,२५०.३० ला. तो विक्रीची ऑर्डर त्या भावाला लावतो आणि एका वेळी एकच लॉट पडद्यावर दिसेल अशी सोय करतो. मग खरेदीच्या बाजूला १,२४९.९०, १,२४९.८०, १,२४९.७० अशा उतरत्या भावांना मोठमोठ्या ऑर्डरी टाकतो. त्या लगेच पूर्ण होणार नाहीत इतक्या लांब असतात, पण सगळ्यांना दिसतील इतक्या जवळ असतात. बाजारातल्या संगणकीय प्रणाली लॉटची बेरीज करतात आणि खरेदीचा जोर वाढला असे समजून भाव वर नेतात. त्याचे २० लॉट १,२५०.३०ला विकले गेले की तो खालच्या सगळ्या ऑर्डरी रद्द करतो. काही सेकंदांत भाव जागेवर येतो. १,२५०.००ला विकण्यापेक्षा त्याला ६०० डॉलर जास्त मिळाले. हा आकडा किरकोळ वाटतो, पण हाच प्रकार वर्षानुवर्षे रोज, कधी खरेदीच्या तर कधी विक्रीच्या बाजूने चालला तर त्याची रक्कम मोठी होते.

२०१०पूर्वी अशा माणसाला पकडणे अवघड होते, कारण बाजारभाव प्रत्यक्षात कृत्रिम झाला हे दाखवावे लागे. २०१०च्या डॉड-फ्रँक कायद्याने स्पूफिंग हा स्वतंत्र गुन्हा ठरवला : रद्द करण्याच्याच हेतूने ऑर्डर टाकणे. पहिली फौजदारी शिक्षा मायकेल कोशिया या ट्रेडरला झाली. २०१५ मध्ये तो दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी त्याला तीन वर्षांची कैद सुनावली गेली. त्याच्या सॉफ्टवेअरच्या ऑर्डरी डोळ्याची पापणी लवायच्या आत रद्द होत.

सर्वांत मोठे प्रकरण जेपी मॉर्गनच्या मौल्यवान धातू विभागाचे. तपास यंत्रणांच्या मते तिथे २००८ ते २०१६ या काळात हे चालले होते आणि फसव्या ऑर्डरींचे हजारो प्रसंग घडले. तपासाला खरी गती मिळाली ती २०१८ मध्ये. जॉन एडमंड्स या ट्रेडरने गुन्हा कबूल केला आणि ही पद्धत आपण वरिष्ठांकडून शिकलो असे सांगितले. सप्टेंबर २०२०मध्ये बँकेने सुमारे ९२ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. ऑगस्ट २०२२ मध्ये शिकागोच्या न्यायालयात विभागप्रमुख मायकेल नोवाक आणि ट्रेडर ग्रेग स्मिथ फसवणूक, भाव फिरवण्याचा प्रयत्न आणि स्पूफिंग या आरोपांत दोषी ठरले. पुढच्या वर्षी स्मिथला दोन वर्षे आणि नोवाकला एक वर्ष एक दिवस कैद झाली.

याच खटल्यातली दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. सरकारने या विभागावर माफिया टोळ्यांसाठीचा संघटित गुन्हेगारीचा कायदाही लावला होता. ज्यूरीने तो आरोप फेटाळला. तिसरा आरोपी, ग्राहकांशी व्यवहार पाहणारा सेल्समन, सर्व आरोपांतून सुटला. त्याआधी २०१८ मध्ये यूबीएसचा एक माजी ट्रेडरही निर्दोष ठरला होता. ऑर्डर रद्द करणे हे स्वतः बेकायदा नाही. वायदेबाजारात टाकलेल्या बहुतेक ऑर्डरी रद्दच होतात. गुन्हा हेतूत असतो आणि हेतू सिद्ध करायला सहकाऱ्याची साक्ष, चॅटमधला मजकूर आणि तोच साचा शेकडो वेळा दिसणे लागते.

'सोने दाबून ठेवले' या जुन्या तक्रारीला मात्र यातून पुरावा मिळत नाही, असे माझे मत आहे. आरोपातला काळ २००८ ते २०१६ आहे. त्यात सोने ९०० डॉलरच्या आसपासहून २०११ मध्ये १,९०० पार गेले आणि २०१५च्या अखेरीस १,०५० पर्यंत उतरलेही. स्पूफिंग करणाऱ्याला सोने महाग हवे की स्वस्त याच्याशी देणेघेणे नसते. त्याला पुढच्या काही सेकंदांतले दोन-तीन टिक हवे असतात. चांदीच्या बाबतीत तर अमेरिकी वायदे आयोगाने २००८ पासून पाच वर्षे चौकशी केली आणि २०१३ मध्ये कारवाईजोगे काही नाही म्हणून ती बंद केली. शिकागोच्या खटल्यात बळी म्हणून ज्यांची नावे पुढे आली त्यांत सिटाडेल सिक्युरिटीजसारख्या वेगवान संगणकीय ट्रेडिंग करणाऱ्या कंपन्या होत्या. त्यांच्याविषयी फार हळहळ वाटावी असे नाही, पण फसले ते आधी तेच.

मग सामान्य ट्रेडरचे काय? एमसीएक्सवरचे सोने कॉमेक्स आणि डॉलर-रुपया यांच्या मागे चालते, आणि न्यूयॉर्क जोरात असते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ-रात्र असते. रुपया ८५ धरला तर वरच्या उदाहरणातले ३० सेंट म्हणजे १० ग्रॅमला साधारण ८ रुपये. १०० ग्रॅमच्या गोल्ड मिनीत तो फरक ८० रुपयांचा, एक किलोच्या लॉटमध्ये ८०० रुपयांचा. दागिने घेणाऱ्याला किंवा महिनाभर पोझिशन ठेवणाऱ्याला याचा उपद्रव नाही. ज्याचा स्टॉप लॉस, म्हणजे तोटा थांबवायला आधीच ठरवलेला भाव, चालू भावापासून ५ रुपयांवर आहे त्याची पोझिशन मात्र अशा एका झटक्यात कापली जाऊ शकते. डेप्थमध्ये, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या प्रलंबित ऑर्डरींच्या यादीत, खरेदीची बाजू जड दिसली की लगेच मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर टाकणाराही याच जाळ्यात येतो. दिवसात अनेक सौदे करणाऱ्याला हा खर्च ब्रोकरेजसारखा साचत जातो.

पडद्यावर ओळखायचे तर एकच खूण थोडी उपयोगाची आहे : मोठी संख्या डेप्थमध्ये येते, भाव तिच्या दिशेने वळतो, आणि त्या भावाला सौदे न होताच ती संख्या नाहीशी होते. एकदा असे दिसले तर तो योगायोग असू शकतो. तेच पुन्हापुन्हा दिसले तर आपला भाव ठरवून लिमिट ऑर्डर वापरावी आणि डेप्थवरून सौदा करू नये. ती ऑर्डर कोणत्या क्लायंट कोडवरून आली हे आपल्याला कधीच दिसत नाही, ते एक्सचेंजलाच कळते. म्हणून तक्रार करायची तर कराराचे नाव, तारीख, सेकंदापर्यंतची वेळ आणि आपला ऑर्डर क्रमांक द्यावा. एवढ्या माहितीवर त्या क्षणाच्या नोंदी शोधता येतात. 'बाजार फिरवला' एवढ्याच वाक्यावरून शोधता येत नाहीत.