दुहेरी व्युत्क्रम आलेख प्रश्नसंचात का टिकून राहिला

एन्झाइम कायनेटिक्सच्या प्रश्नसंचांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी सबस्ट्रेटची संहती आणि वेग यांचा वक्र, मग इनहिबिटर घातल्यावरचा दुसरा वक्र, आणि शेवटी ‘1/v विरुद्ध 1/[S] असा आलेख काढून Km व Vmax शोधा’. v म्हणजे वेग, [S] म्हणजे सबस्ट्रेटची संहती, Vmax म्हणजे कमाल वेग आणि Km म्हणजे ज्या संहतीला वेग त्याच्या निम्मा होतो ती. पहिल्या दोन पायऱ्यांवर कोणी भांडत नाही. तिसरीवर, म्हणजे दुहेरी व्युत्क्रम आलेखावर, साठेक वर्षे भांडण चालू आहे, आणि तरीही ती प्रत्येक नव्या संचात असतेच.

वक्राचे समीकरण, v = Vmax[S]/(Km + [S]), ओळखले जाते ते १९१३ च्या कामामुळे. साखर फोडणाऱ्या इन्व्हर्टेजवर पोलॅरिमीटरने मोजमाप झाले होते. खरे तर तेच समीकरण दहा वर्षे आधी पॅरिसमध्ये मांडले गेले होते. १९१३ च्या कामाने त्यात मोलाची भर घातली ती प्रयोगाच्या शिस्तीची: बफर वापरून आम्लता स्थिर ठेवायची आणि उत्पादित साचण्यापूर्वीचा, म्हणजे सुरुवातीचा वेग घ्यायचा. त्या कामात वेग थेट संहतीसमोर न मांडता संहतीच्या लॉगरिदमसमोर मांडला होता, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. १९२५ मध्ये स्थिरावस्थेचे, म्हणजे एन्झाइम-सबस्ट्रेट संकुलाची संहती स्थिर राहते असे, गृहीतक आले आणि Km चा अर्थ व्यापक झाला. समीकरणाचा आकार मात्र तोच राहिला.

अडचण होती ती वक्राच्या टोकाची. समजा एका एन्झाइमचा खरा Vmax १०० मायक्रोमोलर प्रति मिनिट आणि खरा Km २ मिलिमोलर आहे. सबस्ट्रेट ०.५, १, २, ४ आणि ८ मिलिमोलर घेतला, तर वेग अनुक्रमे २०, ३३.३, ५०, ६६.७ आणि ८० येतील. शेवटच्या बिंदूपाशी वक्र सपाट होत आल्यासारखा दिसतो. ज्याला Vmax वाचायचा आहे तो ८० किंवा फार तर ८५ लिहून मोकळा होतो. ८० धरले तर निम्मा वेग ४०, आणि वक्रावर ४० च्या खाली संहती येते १.३३ मिलिमोलर. म्हणजे Km एक तृतीयांशाने कमी. Vmax च्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोचायला Km च्या नऊपट सबस्ट्रेट लागतो, पंचाण्णव टक्क्यांसाठी एकोणीसपट. आपल्या उदाहरणात ३८ मिलिमोलर. इतका सबस्ट्रेट पुष्कळदा विरघळतच नाही, किंवा विरघळला तर स्वतःच एन्झाइमला अडवू लागतो. कागद आणि पट्टीच्या काळात अपास्त वक्राचे टोक अंदाजाने ओढण्यापेक्षा सरळ रेषा ओढणे केव्हाही बरे होते.

सरळ रेषेची रूपे १९३२ पर्यंत माहीत झालेली होती. १९३४ मध्ये अमेरिकेत दोघा संशोधकांनी त्यांतले व्युत्क्रमाचे रूप इनहिबिशनच्या प्रकारांसह सविस्तर मांडले, आणि तेच रूढ झाले. समीकरण उलटे केले की 1/v = 1/Vmax + (Km/Vmax)(1/[S]) मिळते. उभ्या अक्षावरचा छेद 1/Vmax, चढ Km/Vmax, आणि रेषा मागे वाढवली की आडव्या अक्षावर −1/Km. वरच्या पाच बिंदूंतून ०.०१ छेदाची आणि ०.०२ चढाची अचूक रेषा जाते, कारण ते आकडे मुळात समीकरणातूनच काढलेले आहेत.

वाद सुरू होतो तो आकड्यांत चूक शिरली की. प्रत्येक वेगात दोन एककांची चूक होऊ शकते असे धरा. ८० च्या जागी ७८ आले तर 1/v ०.०१२५ वरून ०.०१२८ होतो, आलेखावर बिंदू हललेला दिसतही नाही. २० च्या जागी १८ आले तर तो ०.०५० वरून ०.०५५६ वर जातो. चूक तेवढीच, पण या टोकाला ती सोळापट मोठी होऊन बसते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात फुगते. त्यात हाच बिंदू सगळ्यांत उजवीकडे, इतरांपासून लांब असतो. पाचांपैकी तीन बिंदू उभ्या अक्षाजवळ गर्दी करतात आणि रेषेचा कल हा एकटा ठरवतो.

गणित करून पाहण्यासारखे आहे. बाकी चार बिंदू अचूक ठेवून फक्त २० च्या जागी १८ लिहा आणि नेहमीच्या लघुतम वर्ग पद्धतीने रेषा बसवा. Vmax येतो ११३ आणि Km २.६ मिलिमोलर. म्हणजे एका बिंदूतल्या दहा टक्के चुकीने Km तीस टक्के वर. उलट पहिला बिंदू अचूक ठेवून ८० च्या जागी ७८ लिहिले, तर Vmax ९८.७ आणि Km १.९७. सगळ्यांत कमी भरवशाच्या मोजमापाला सगळ्यांत जास्त अधिकार, असा हा प्रकार आहे.

१९३४ च्या लेखकांना हे ठाऊक नव्हते, असा समज पसरलेला आहे. तो अन्यायाचा आहे. बिंदूंना भार द्यावा लागेल हे त्यांनी सांगितले होते, आणि त्याच वर्षीच्या संबंधित कामात संख्याशास्त्रज्ञाची मदतही घेतली होती. वेगातली चूक सगळीकडे सारखी असेल तर प्रत्येक बिंदूला v च्या चौथ्या घाताइतका भार द्यायचा. आपल्या बिघडलेल्या संचाला असे भार दिले की Vmax १०१ आणि Km २.०८ येतो, म्हणजे जवळजवळ खरे उत्तर. पण पाठ्यपुस्तकांनी रेषा उचलली आणि भार मागे सोडले. पद्धतीला मिळालेल्या शिव्यांपैकी बऱ्याच या गाळणुकीच्या वाट्याच्या आहेत.

पुढच्या घडामोडी भराभर झाल्या. १९६१ मध्ये संख्याशास्त्रीय अंदाज काढण्याची पद्धत समीकरणाला थेट लावून दाखवण्यात आली आणि १९६३ मध्ये त्यासाठी संगणकाचे प्रोग्रॅम उपलब्ध झाले. १९६५ मध्ये तीन सरळ रेषांची तुलना मुद्दाम चुका मिसळलेल्या कृत्रिम आकड्यांवर झाली; भार न देता वापरलेला दुहेरी व्युत्क्रम आलेख तिघांत सर्वांत वाईट ठरला. [S]/v विरुद्ध [S] हा आलेख तुलनेने बरा. v विरुद्ध v/[S] या आलेखात चूक दोन्ही अक्षांवर जाते, पण वाईट बिंदू निदान लपत नाही. १९७४ मध्ये तर बिंदूऐवजी प्रत्येक निरीक्षणाची एक रेषा काढून छेदबिंदूंचा मध्यक घेण्याची थेट रेषीय पद्धत आली. आज स्प्रेडशीटसुद्धा अपास्त वक्र सरळ बसवून देते. आकडे काढण्यासाठी व्युत्क्रम घेण्याचे कारण संपले, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद उरलेला नाही.

तरी आलेख संचात राहिला तो इनहिबिटरमुळे. वक्रांच्या चित्रात दोन अपास्त वक्र एकाखाली एक दिसतात. इनहिबिटर कुठे बसतो हे डोळ्यांना कळत नाही. व्युत्क्रम आलेखात ते एका नजरेत कळते. रेषा उभ्या अक्षावर मिळाल्या तर कॉम्पिटिटिव्ह, समांतर गेल्या तर अनकॉम्पिटिटिव्ह. कारणही सरळ आहे. मोकळ्या एन्झाइमला चिकटणारा इनहिबिटर चढ वाढवतो, एन्झाइम-सबस्ट्रेट संकुलाला चिकटणारा उभ्या अक्षावरचा छेद वाढवतो. इनहिबिटरची संहती [I] असेल तर चढ 1 + [I]/Kic पट होतो आणि छेद 1 + [I]/Kiu पट; पहिल्या बांधणीचा स्थिरांक Kic, दुसरीचा Kiu. निदानासाठी हा आलेख ठेवावा आणि आकड्यांसाठी टाकावा, ही मधली वाट मला पटते. मात्र प्रश्नात तसे लिहिलेले क्वचितच आढळते.

खरी गुंतागुंत तिसऱ्या प्रकारात आहे, जिथे छेद आणि चढ दोन्ही बदलतात. त्याच एन्झाइममध्ये १० मायक्रोमोलर इनहिबिटर घातला आणि त्याच पाच संहतींना वेग ७.१, १२.५, २०, २८.६ आणि ३६.४ आले, असा प्रश्न घ्या. रेषा काढली की छेद ०.०२ आणि चढ ०.०६ मिळतो, म्हणजे दिसणारा Vmax ५० आणि दिसणारा Km ३ मिलिमोलर. छेद दुप्पट झाला, म्हणून 1 + [I]/Kiu = 2 आणि Kiu १० मायक्रोमोलर. चढ तिप्पट झाला, म्हणून 1 + [I]/Kic = 3 आणि Kic ५ मायक्रोमोलर. दोन्ही रेषा उभ्या अक्षाच्या डावीकडे, आडव्या अक्षाच्या किंचित वर, (−०.२५, ०.००५) या बिंदूत छेदतात.

याला काय म्हणायचे? बऱ्याच पाठ्यपुस्तकांत नॉन-कॉम्पिटिटिव्ह म्हणजे Vmax कमी आणि Km तोच, म्हणजे रेषा नेमक्या आडव्या अक्षावर मिळतात. त्या व्याख्येने हे नॉन-कॉम्पिटिटिव्ह नव्हे, मिक्स्ड. पण १९६३ मध्ये अनेक सबस्ट्रेट असलेल्या अभिक्रियांसाठी जी शब्दरचना रूढ झाली, तिच्यात छेद आणि चढ दोन्ही बदलले की नॉन-कॉम्पिटिटिव्ह. रेषा कुठे मिळतात याला महत्त्व नाही. त्या व्याख्येने नॉन-कॉम्पिटिटिव्ह हेच उत्तर बरोबर. १९८१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी मिक्स्ड या नावाला आधार दिला, तरी आधीची पुस्तके आणि त्यांवरून बेतलेल्या उत्तरसूची आपापल्या वाटेने चालत राहिल्या. एकाच आलेखाला दोन संचांत दोन वेगळी उत्तरे असतात ती यामुळे, आणि विद्यार्थी चुकला असे त्यावरून ठरत नाही.

पाठ्यपुस्तकी शुद्ध नॉन-कॉम्पिटिटिव्ह प्रकारासाठी Kic आणि Kiu तंतोतंत समान हवेत. म्हणजे इनहिबिटर बसल्याने सबस्ट्रेटच्या बांधणीत काहीच फरक पडू नये, पण उत्प्रेरण मात्र थांबावे. एकाच सबस्ट्रेटच्या एन्झाइममध्ये असे क्वचित घडते. हायड्रोजन आयन किंवा काही धातूंचे आयन ही त्यातल्या त्यात बरी उदाहरणे. प्रश्नसंचात मात्र हाच प्रकार सर्वाधिक येतो, कारण त्याची आकडेमोड सर्वांत सोपी.

Km तोच राहून Vmax घटल्याचे चित्र आणखी एका ठिकाणाहून येते, आणि प्रश्न काढणारे ते बहुधा विसरतात. एन्झाइमला कायमचा जोडला जाणारा इनहिबिटर काही रेणू बाद करतो. उरलेले पूर्वीसारखेच वागतात. आलेख हुबेहूब शुद्ध नॉन-कॉम्पिटिटिव्हसारखा दिसतो. दोघांतला फरक व्युत्क्रम आलेखात कितीही बारकाईने पाहिले तरी सापडत नाही. त्यासाठी इनहिबिटरची मात्रा तीच ठेवून एन्झाइमची मात्रा बदलावी लागते आणि Vmax एकूण एन्झाइमसमोर मांडावा लागतो. उलटवता येणारा इनहिबिटर असेल तर रेषा शून्यातूनच जाते, फक्त चढ कमी होतो. कायमचा असेल तर ठरावीक एन्झाइम बाद होईपर्यंत वेग जवळजवळ शून्य राहतो आणि त्यानंतर मूळ रेषेला समांतर अशी रेषा सुरू होते. हा दुसरा आलेख मागणारा उपप्रश्न जोडला नाही, तर ‘Vmax कमी, Km तोच’ एवढ्या माहितीवर दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावी लागतात.