बहुकॅमेरा सिंक आणि टाइमकोड ड्रिफ्ट

एकाच कार्यक्रमाचे दोन-तीन कॅमेऱ्यांचे चित्रण आणि वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज एडिटिंगच्या टाइमलाइनवर क्षणाला क्षण जुळवणे, याला सिंक करणे म्हणतात. सगळी यंत्रे सुरू झाली की सर्व कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक टाळी वाजवतात. तळहात टेकल्याची फ्रेम आणि वेव्हफॉर्मवरचा, म्हणजे आवाजाच्या आलेखावरचा, सुळका एका रेषेत आणले की झाले. टाळी राहून गेली तर सॉफ्टवेअर आवाजांचे वेव्हफॉर्म ताडून क्लिपा जुळवते.

त्यावर डोळे मिटून विसंबू नये. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो आणि सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे १४ मीटर मागे ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या माइकवर आवाज एक फ्रेम उशिरा पोचतो. आवाजाला आवाज जुळवला तर त्याचे चित्र एक फ्रेम आधी येते: हात तबल्यावर पडलेला दिसतो, बोल मागून ऐकू येतो. तिथे डोळ्यांनी पाहिलेली टाळीच खरी.

ही चूक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच राहते. ड्रिफ्ट, म्हणजे दोन यंत्रांच्या घड्याळांत पडत जाणारे अंतर, मात्र वाढत जातो, कारण प्रत्येक यंत्राचा क्वार्ट्झ स्फटिक किंचित वेगळ्या वेगाने चालतो. समजा, इंदूरच्या रामबागेत गणेशोत्सवातली अडीच तासांची मैफल चित्रित केली. सुरुवातीची टाळी जुळली, पण शेवटची टाळी एका कॅमेऱ्यात चार फ्रेम उशिरा दिसते. ९,००० सेकंदांत १६० मिलिसेकंद, म्हणजे दहा लाखांत साधारण १८ भागांचा फरक. गाणे कापायचे नसते, म्हणून रेकॉर्डरचे घड्याळ प्रमाण मानून कॅमेऱ्याच्या क्लिपमधून चार ठिकाणी एकेक फ्रेम काढतात: पहिली १९व्या मिनिटाच्या आसपास, पुढच्या दर साडेसदतीस मिनिटांनी. मग चूक अर्ध्या फ्रेमच्या पुढे जात नाही. पडद्यावर दुसरा कॅमेरा असताना हा काप घ्यावा, कुणाला कळतही नाही. फरक हळूहळू न वाढता एकदम उडी मारत असेल तर तो ड्रिफ्ट नव्हे. कॅमेऱ्याने फाइल तोडताना फ्रेम गाळल्या का, ते तपासावे.

टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमची तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम अशी वेळ. तो सगळ्या यंत्रांना एकदा जुळवून दिला की प्रश्न मिटला, हा समज पक्का रुजलेला आहे. बहुतेक फाइलींत फक्त पहिल्या फ्रेमचा टाइमकोड असतो. पुढचा केवळ फ्रेम मोजून काढला जातो. फ्रेम किती वेगाने पडतात हे कॅमेऱ्याचा स्वतःचा स्फटिकच ठरवतो, आणि त्याला बाहेरून लगाम घालायला जेनलॉक लागतो. लहान कॅमेऱ्यांत तो सहसा नसतो.

म्हणून लांब मैफलीत शेवटची टाळी हवीच. अडचण अशी की भैरवी संपताच सगळे सभागृह टाळ्या वाजवते आणि त्या कडकडाटात एकटा सुळका सापडत नाही. श्रोते शांत झाले की रेकॉर्डर बंद करण्याआधी तबलजींना म्हणावे, “काका, एक ‘ना’ वाजवा, जरा हात उचलून.”