खाली बघितलं की समाधान?

‘आपल्यापेक्षा खालच्यांकडे बघावं, मन शांत राहतं, वर बघितलं की जळफळाटच. हे खरंय का?’

अर्धंच. माणूस स्वतःला ताडून बघतो ते आपल्यासारख्यांशी, असं मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरने १९५४ मध्ये मांडलं. म्हणून सोलापुरातल्या चादरवाल्याला मुंबईचा उद्योगपती खुपत नाही, शेजारच्या गाळ्याचं इन्स्टावरचं रील खुपतं. (त्यात गड्ड्याच्या जत्रेतली गर्दी दिसते, उधारीची वही नाही.)

पण वर बघणं उभारीही देतं. लॉकवूड आणि कुंडा यांच्या १९९७ च्या प्रयोगात शेवटच्या वर्षाच्या एका हुशार विद्यार्थ्याबद्दल वाचून पहिल्या वर्षाच्या मुलांचं स्वतःबद्दलचं मत सुधारलं. शेवटच्या वर्षाच्यांचं नाही. त्यांच्याकडे तिथवर पोचायला वेळच उरला नव्हता.

आणि खाली बघणं? शेजारचा माग भंगारात गेला की दिलासा कसला, पोटात गोळाच येतो: उद्या आपला नंबर.