भाजल्याची रेषा काय सांगते

नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी पडते. घरोघरी अंघोळीला कढत पाणी तापतं आणि बालरुग्ण विभागात भाजलेली लेकरं येऊ लागतात. बहुतेक अपघातानेच भाजलेली असतात. पण काहींना कुणीतरी मुद्दाम पाण्यात धरलेलं असतं, आणि तो फरक जखमेच्या आकारात दिसतो. बालरुग्ण नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मी हा भाग सर्वांत सावकाश शिकवते.

त्यासाठी रचलेली एक केस घेऊ. दोन वर्षांचा मुलगा. दोन्ही पाय घोट्याच्या वरपर्यंत आणि बसायची जागा भाजलेली. सोबतची बाई सांगते, "सिस्टर, पाणी टबात काढून ठेवलं होतं, लेकरू स्वतःच जाऊन बसलं न." भाजून सहा तास झालेत, मधल्या वेळात टूथपेस्ट लावलेली.

आधी वेदनाशामक औषध आणि जखमेची काळजी, मग बाकी सगळं. टूथपेस्ट हळुवार धुऊन काढल्यावर जखम दिसते. दोन्ही पायांवर भाजल्याची सीमा एकाच उंचीवर आणि मोजा चढवल्यासारखी सरळ आहे. आजूबाजूला पाणी उडाल्याचे डाग नाहीत. जांघेच्या घडीतली कातडी शाबूत आहे, आणि ढुंगणाच्या मधोमध एक न भाजलेला गोल आहे.

आता हे वाचायचं कसं? मूल स्वतः गरम पाण्यात पाय टाकतं तेव्हा चटका बसताच पाय ओढून घेतं, उड्या मारतं, पडतं. पाणी उडतं, कडा वेड्यावाकड्या होतात, एक पाय जास्त भाजतो, एक कमी. अंगावर भांडं उपडं झालं तर चेहरा, खांदा, छाती जास्त भाजते आणि पाणी ओघळताना निवत जातं, म्हणून खाली जखम निमुळती आणि उथळ होते. सरळ रेषा उमटायला मात्र पाय पाण्यात स्थिर राहावे लागतात. जांघ वाचली, कारण मांड्या पोटाशी दुमडलेल्या होत्या आणि घडीत पाणी शिरलं नाही. मधला गोल वाचला, कारण तेवढी जागा टबाच्या तळाशी दाबली गेली होती आणि तळ पाण्याइतका तापलेला नव्हता. किती वेळ धरलं असेल? ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मोठ्या माणसाची कातडी साधारण ५ सेकंदांत खोल भाजते, लहान मुलाची त्याहूनही लवकर. म्हणजे फार वेळ धरावंही लागत नाही. अशा घटना पुष्कळदा शी-शूची सवय लावण्याच्या वयात घडतात. मुलाने कपडे खराब केलेले असतात आणि मोठ्यांचा संयम सुटलेला असतो.

तरीही एकट्या रेषेवरून निकाल द्यायचा नाही. कातडीचे काही जंतुसंसर्ग भाजल्यासारखेच दिसतात. दवाखान्यात उशीर होण्यामागे पैसे नसणं किंवा गाडी न मिळणंही असू शकतं. म्हणून सांगितलेली हकीकत, मुलाचं वय आणि जखम यांचा मेळ बसतो का, हे पाहायचं. हे मूल टबात स्वतः उतरू शकतं का? त्या वेळी घरात कोण होतं? दुसऱ्यांदा विचारल्यावर हकीकत बदलते का? सगळं अंग तपासायचं: कानामागे, पाठीवर, तोंडाच्या आत.

नोंदीत "छळ केला" असं लिहायचं नाही. बाईचे शब्द अवतरणचिन्हांत जसेच्या तसे, सोबत वेळ. शरीराच्या आकृतीवर जखमा काढायच्या, रेषेची घोट्यापासूनची उंची सेंटिमीटरमध्ये लिहायची. घरच्यांशी भांडायचं नाही. ते मुलाला घेऊन निघून गेले तर सगळंच हातचं जातं.

मग कळवणं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना लगेच सांगायचं. ते एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, म्हणून नोंद करतात आणि पोलिसांना कळवलं जातं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला बाल कल्याण समितीपुढे कोण हजर करू शकतं, त्या यादीत नर्सचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यासाठी प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांची मुदत आहे. पण दाखल मुलाचे उपचार थांबवून त्याला उठवून न्यायचं नाही. समितीशी संपर्क साधायचा. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवरही कळवता येतं.

जखम ढुंगणावर असल्याने लैंगिक अत्याचाराची शक्यताही डोक्यात ठेवावी लागते. तसा संशय आला की २०१२ चा पोक्सो कायदा लागतो आणि तिथे पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पुराव्याची वाट पाहायची नाही, संशय पुरेसा आहे. "मोठ्या सिस्टरना सांगितलं" एवढ्यावर थांबू नये. खबर पोलिसांपर्यंत पोचली का, ते स्वतः विचारून घ्यावं. सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल, ती पुढे खरी ठरली नाही तरी, कायद्याचं संरक्षण आहे. मुलाचं नाव मात्र वॉर्डाबाहेर जाता कामा नये, मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा.

आणखी एक प्रश्न विद्यार्थी हमखास विसरतात: घरी दुसरं लहान मूल आहे का? असेल तर त्याचीही तपासणी व्हावी, हे त्याच दिवशी डॉक्टरांच्या आणि समितीच्या कानावर घालायचं.