विशेष गरजा असलेल्या अपत्यासाठी खासगी न्यास

प्रौढपणीही स्वतःचे व्यवहार सांभाळू न शकणाऱ्या अपत्याचा खर्च आईवडिलांच्या पश्चात चालावा, म्हणून भारतीय न्यास अधिनियम, १८८२ नुसार केलेली आर्थिक व्यवस्था. यात पैशाची मालकी विश्वस्तांकडे जाते, मात्र तो न्यासपत्रात लिहिलेल्या कारणांसाठी आणि त्या अपत्यासाठीच वापरण्याचे बंधन त्यांच्यावर असते.

अनेक कुटुंबांत याऐवजी दुसऱ्या मुलाला दुप्पट वाटा देऊन ‘भावाला सांभाळ’ असे सांगितले जाते. हेतू चांगला असला, तरी तो पैसा कायद्याने त्या मुलाचाच होतो. त्याचे कर्ज थकले किंवा तो आधी वारला, तर धनको आणि वारस त्यावर हक्क सांगतात, आणि ज्याच्यासाठी तो ठेवला होता त्याला काहीच मागता येत नाही. पैसा थेट अवलंबून असलेल्या अपत्याच्या नावावर ठेवला, तर अठरा वर्षांनंतर आईवडीलही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांचा सहभाग असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. स्किझोफ्रेनियासारखे मानसिक आजार या अधिनियमाच्या कक्षेत येत नाहीत.

रक्कम ठरवताना आजच्या खर्चापासून सुरुवात करणे सोपे जाते. समजा, मुलगी १५ वर्षांची आहे, तिचा मासिक खर्च २५,००० रुपये आहे आणि ती ३५ वर्षांची झाल्यावर आईवडिलांचा आधार संपेल, असे धरून पुढच्या ३५ वर्षांची सोय करायची आहे. करानंतरचा परतावा महागाईइतकाच मिळेल असे सावधपणे मानले, तर आजच्या किमतीत १ कोटी ५ लाख रुपये लागतील. महागाई ६ टक्के धरल्यास वीस वर्षांनी तीच गरज सुमारे ३ कोटी ३७ लाखांची होते. आज घरात आई विनामोबदला करते ती देखभाल या हिशेबात बहुधा धरलेली नसते, आणि उद्या त्याच कामासाठी पूर्णवेळ माणूस ठेवावा लागतो. म्हणून तो पगार हिशेबात वेगळा धरणे आवश्यक आहे.

न्यास बहुधा हयातीतच अल्प रकमेने स्थापून मृत्युपत्राद्वारे उरलेली मालमत्ता त्यात वर्ग केली जाते. विम्याचे किंवा ठेवीचे नामनिर्देशन मात्र जुनेच राहिले, तर पैसा प्रथम नामनिर्देशित व्यक्तीच्या हाती पडतो आणि मृत्युपत्राशी त्याचा मेळ घालण्यात वर्षे जातात. न्यासपत्रात सर्वाधिक जपायचे कलम मुलीच्या पश्चात उरलेल्या रकमेचे असते: ती रक्कम एकमेव विश्वस्तालाच मिळणार असेल, तर आज कमी खर्च करण्यात त्याचा लाभ असतो. यासाठी नातेवाइकांखेरीज एक त्रयस्थ विश्वस्त नेमावा आणि वार्षिक हिशेब देखभाल करणाऱ्या व्यक्तीलाही दाखवावा. औषधे, उपचार आणि देखभालीच्या पगाराचा खर्च वर्षानुवर्षे वाढत नसेल, तर पैसा असूनही मुलीवर तो खर्च होत नाही, हे त्यातून लक्षात येते.