फोमचा प्लग की फिल्टरवाला प्लग? क्लबमध्ये काम करणाऱ्याने कानात काय घालायचं

ठाण्यात कुठल्याही मेडिकलमध्ये इअरप्लग मागा, तो ड्रॉवरमधून फोमची पिवळी नाहीतर नारिंगी जोडी काढून देणार, दोन वडापावच्या पैशात काम झालं. ऑनलाइन बघितलं तर "म्युझिशियन्स इअरप्लग" म्हणून दुसरीच वस्तू दिसते, एकावर एक तीन छोट्या छत्र्या ठेवल्यासारखा सिलिकॉनचा तुकडा आणि आत बारीक फिल्टर, किंमत कितीतरी पट. त्यात पाकिटावरचा एनआरआरचा आकडा, म्हणजे प्लग लॅबमध्ये किती डेसिबल कापतो तो, बघा, फोमवर ३२-३३ आणि त्या महागवाल्यावर १२-१३. मग साहजिकच माणूस म्हणतो की जास्त पैसे देऊन कमी संरक्षण कशाला घेऊ?

वेल्डिंगच्या शेडमध्ये हा हिशोब बरोबर आहे. तिथे आवाज ऐकायचाच नसतो. पण तुम्ही बँडमध्ये वाजवता किंवा कन्सोलवर मिक्स करता तेव्हा तो आवाज नीट ऐकणं हेच तुमचं काम असतं, आणि सगळा फरक तिथे पडतो.

आधी मर्यादा बघू. अमेरिकेतल्या नायॉश संस्थेची शिफारस आहे की ८५ डीबीए सरासरी आवाजात ८ तास चालतील, आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ अर्धा करायचा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. हो, पंधरा मिनिटं, साउंडचेकला पण जास्त लागतात. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमात ८ तासांना ९० धरतात, पण कान आपला आहे त्यामुळे मी ८५ वालाच धरतो. आणि रात्री दहानंतर पोलीस येऊन जे डेसिबल मोजतात त्याचा याच्याशी काही संबंध नाही, ते शेजाऱ्यांच्या झोपेसाठी आहे, तुमच्या कानासाठी नाही!

आता वाशीतला एखादा क्लब घ्या. शनिवार, शिफ्ट ५ तास, कन्सोलच्या जागी सरासरी १०० डीबीए. आयफोन असेल तर त्याच नायॉशचं NIOSH SLM हे फुकट अ‍ॅप डोक्याच्या उंचीवर धरून मोजता येतं, फक्त ए वेटिंग ठेवा, म्हणजे डीबीएमधला तो ए, जो बास कमी धरतो, कारण सी वर बास पण पूर्ण मोजला जातो आणि सबवाल्या क्लबमध्ये आकडा बराच वर दिसतो, त्याला वरचा तक्ता लावायचा नसतो.

फोम नीट बसवला आणि समजा २५ डेसिबल कापले तर कानापर्यंत ७५ जातात, कागदावर एकदम सेफ. पण फोम सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्या कापत नाही, वरच्या जास्त कापतो आणि खालच्या कमी. शिवाय उघडी कानाची नळी स्वतःच साधारण २७०० हर्ट्झच्या आसपास आवाज वाढवते, ती बोळ्याने बंद केली की तो नैसर्गिक उठाव पण जातो. म्हणजे हायहॅट, गायकाचे स, श, गिटारची धार हे सगळं गायब आणि किक मात्र धप धप ऐकू येतेय. अशा कानाने मिक्स केलं तर इंजिनिअर हाय वाढवत जातो आणि समोरच्या पब्लिकचे कान किर्र होतात. हे कळतं म्हणून मग काय करतो, एका बाजूचा प्लग काढतो, "दोन मिनिटं बघतो फक्त". दुसऱ्या गाण्याला परत. डीजे काहीतरी विचारायला आला की परत.

इथेच गणित फिरतं. रात्रभरात असे तुकडे मिळून ३० मिनिटं कान उघडा राहिला, तर १०० ला १५ मिनिटांची मर्यादा, म्हणजे त्या अर्ध्या तासातच त्या कानाचा डोस, म्हणजे दिवसभरात चालेल तेवढा आवाज, २०० टक्के झाला. बाकी साडेचार तास फोम कितीही भारी बसला असेल, ते नुकसान भरून निघत नाही. पाच तासांचा हिशोब काढला तर २५ डेसिबलवाला प्लग प्रत्यक्षात १० डेसिबलपेक्षा पण कमीच कामाला आला.

फिल्टरवाला प्लग उलट विचारातून आलाय. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या ईटिमोटिक रिसर्च कंपनीने ईआर-१५ फिल्टर आणला. त्यात प्लगच्या आतली नळी आणि बारीक पडदा मिळून तो २७०० च्या आसपासचा उठाव परत तयार करतात, त्यामुळे आवाज साधारण सगळीकडे १५ ने कमी होतो पण बॅलन्स तोच राहतो, मास्टर फेडर खाली घेतल्यासारखा. त्याच क्लबमध्ये १०० चे ८५ झाले, मर्यादा ८ तास, शिफ्ट ५ तास, डोस ६२ टक्क्यांच्या आसपास. आणि काढावासा वाटत नाही म्हणून तो खरोखर पूर्ण वेळ कानात राहतो.

पण हा १५ चा आकडा कानाचा ठसा घेऊन बनवलेल्या मापाच्या मोल्डवाल्याचा आहे. छत्रीवाला रेडिमेड प्लग थोडा सैल बसला आणि १२ च कापले, तर कानाला ८८, मर्यादा ४ तास, पाच तासांत १२५ टक्के. म्हणून बसतोय की नाही हे तपासायचं. म्युझिक चालू असताना दोन्ही हात कानावर घट्ट दाबा, आवाज फारसा बदलला नाही तर सील ठीक, बराच कमी झाला तर लीक आहे. बास जवळजवळ कमीच न होणं हे पण लीकचंच लक्षण. फोमला पण हीच टेस्ट, आणि फोम घालताना सुरकुती न पडू देता बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट धरून ठेवायचा. बहुतेक लोक तो बुचासारखा बाहेरच लटकत ठेवतात.

फोम अगदी टाकाऊ नाही हां. स्टेजच्या बाजूला केबल ओढणारा, सबसमोर उभा राहणारा बाउन्सर, बारवाला, यांना मिक्स ऐकायचा नाही, त्यांनी फोमच घालावा. ढोल पथकात पण तसंच, ताशा अगदी कानाशी असतो, तिथे १५ कमी पडतात, एकतर फोम नाहीतर २५ चा फिल्टर. पथकातली पोरं कापूस घालतात, त्याने काही डेसिबल पण जेमतेम कमी होतात, तो धरूच नका.

गायकांचं वेगळं दुखणं. कान बंद झाला की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो, आणि प्लग जितका वरवर बसलेला तितका जास्त घुमतो. त्यावर उपाय म्हणजे मापाचा मोल्ड, ऑडिओलॉजिस्ट कानात आधी छोटा स्पंज ठेवतो आणि सिलिकॉन भरून ठसा घेतो. त्याला सांगायचं की ठसा कानाच्या दुसऱ्या वळणाच्या पुढपर्यंत घे. ऐकण्याच्या मशीनचे मोल्ड करणारे ठाण्यात, वाशीत मिळतात, पण ठसा किती खोल हवा हे तुम्हीच बोललात तर बरं, नाहीतर नेहमीच्या सवयीने आखूड घेतात.

तिथे गेलातच तर ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, पण करून घ्या, गिगच्या दुसऱ्या दिवशी नको, एखादा दिवस शांत गेल्यावर. रिपोर्टवर ४००० हर्ट्झजवळ खड्डा आणि ८००० ला रेषा परत वर आलेली दिसली तर ते आवाजाने झालेल्या नुकसानीचं नेहमीचं चित्र आहे, मग १५ चा फिल्टर काढून २५ चा लावा किंवा कन्सोल स्पीकरपासून लांब घ्या. चांगल्या मोल्डमध्ये फिल्टर बदलता येतो, मोल्ड तोच राहतो.